डिलिव्हरीच्या आदल्या रात्री गेलेली फाइल

ॲनिमेशनची मुख्य फाइल डिस्क बिघडल्यामुळे जाते, तशीच ती सेव्ह केल्यामुळेही जाते. हा दुसरा प्रकार जास्त फसवा. फाइल जागच्या जागी असते, नाव तेच असते, उघडतेही. फक्त आतले काम नाहीसे झालेले असते. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरवर एकटीने काम करणाऱ्या ॲनिमेटरच्या बाबतीत हे कसे घडते आणि त्यातून काय वाचवता येते, ते नमुन्यादाखल एका रात्रीचा हिशेब मांडून पाहता येईल.

काम ४० सेकंदांच्या जाहिरातीचे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकूण ९६० चित्रे. एका फ्रेमच्या रेंडरला साधारण दीड मिनिट लागते, त्यामुळे सगळ्या फिल्मच्या रेंडरला सलग २४ तास हवेत. ७०० फ्रेम झाल्या होत्या; शेवटचा शॉट तेवढा बाकी होता. डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. संध्याकाळी क्लायंटने पोस्टरसाठी फक्त मुख्य पात्राचे चित्र मागितले. ॲनिमेटरने रेंडर थांबवला, मुख्य फाइलमधली खोली, सामान, बाकीची पात्रे पुसून टाकली, चित्र काढले आणि सवयीने `Ctrl+S` दाबले. `Save As` करून वेगळे नाव द्यायचे राहून गेले. सॉफ्टवेअर बंद केले. रात्री अकराला उरलेला रेंडर लावायला फाइल उघडली, तर रिकाम्या पडद्यावर एकटे पात्र उभे. फोल्डरमध्ये नजर टाकली असती तरी शंका आली असती: १८० एमबीची फाइल ९ एमबीवर आली होती.

अशा वेळी पहिला नियम म्हणजे त्या फाइलवर पुन्हा सेव्ह करायचे नाही. ब्लेंडर दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत फेकून देत नाही, तर तिच्या नावापुढे १ लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. `jahirat.blend` शेजारी `jahirat.blend1` दिसते ती हीच. तिचे नाव बदलून `.blend` केले की ती नेहमीसारखी उघडते. पण मूळ सेटिंगमध्ये अशी एकच जुनी प्रत राहते, आणि घात होतो तो इथेच. काम जपायचे म्हणून दर दोन मिनिटांनी सेव्ह दाबायची जी चांगली सवय लागलेली असते, तीच अंगाशी येते. पोस्टरच्या कामात ॲनिमेटरने पाच-सहा वेळा सेव्ह केले होते. दुसऱ्याच सेव्हला चांगली प्रत पुसली गेली आणि `.blend1` मध्येही तेच एकटे पात्र जाऊन बसले.

दुसरी जागा म्हणजे ऑटोसेव्ह. ब्लेंडर ठरावीक मिनिटांनी एक प्रत संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहीत असतो आणि `File > Recover > Auto Save` मधून ती सापडते. सॉफ्टवेअर मध्येच कोसळले तर ही प्रत हमखास तारते. रीतसर बंद केले तर मात्र ती काढून टाकली जाते आणि तिच्या जागी `quit.blend` उरते. `Recover > Last Session` हीच फाइल उघडतो. तिच्यात बंद करण्याच्या क्षणाची स्थिती असते, म्हणजे इथे काहीच उपयोग नाही. सॉफ्टवेअर उघडेच असते तर `Ctrl+Z` ने मागे जाण्याची निदान आशा होती. बंद केल्यावर तीही संपते.

पुसलेली ऑटोसेव्ह फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने शोधायचा मोह होतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ते जमू शकते, कारण तिथे फाइल पुसली तरी तिचा मजकूर वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. एसएसडीवर मात्र पुसलेली जागा संगणक लगेच डिस्कला कळवतो आणि डिस्क ती मोकळी करून टाकते. त्यातून रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतले, तर उरलासुरला मजकूरही त्याखाली गाडला जातो. अकरा तास हाताशी असताना या वाटेवर फार वेळ घालवणे परवडत नाही. फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेले असते तर जुन्या आवृत्त्यांमध्ये चांगली प्रत मिळाली असती, पण इथे ते जोडलेले नव्हते.

मिळाली ती पेन ड्राइव्हवरची तीन दिवसांपूर्वीची प्रत. तिच्यात पात्रे, खोली, कॅमेरे, दिवे सगळे होते. शेवटच्या शॉटचे ॲनिमेशन तेवढे नव्हते. आणि दोन गोष्टी फाइलच्या बाहेर सुरक्षित होत्या. एक म्हणजे झालेल्या ७०० फ्रेम. त्या सलग व्हिडिओ म्हणून नव्हे, तर सुट्या पीएनजी चित्रांच्या रूपात रेंडर केल्या होत्या, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. दुसरी, क्लायंटला मंजुरीसाठी पाठवलेला पूर्ण फिल्मचा कच्चा व्हिडिओ.

आता प्रश्न हिशेबाचा. उरलेल्या २६० फ्रेमना दीड मिनिटाच्या दराने साडेसहा तास. आवाज जोडणे, तपासणे, अपलोड करणे यांना एक तास. ॲनिमेशनसाठी उरतात साडेतीन तास. रेंडरचे सॅम्पल निम्मे करून उरलेला दाणेदारपणा डीनॉइझरने काढला तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो, आणि ॲनिमेशनला पावणेसात तास मिळतात. गुणवत्तेत थोडा फरक पडतोच, पण तो शॉट बदलताना पडला तर नजरेत भरत नाही. चालू शॉटच्या मध्ये पडला तर भिंतीचा पोत एकाएकी बदललेला दिसतो. इथे ७०१व्या फ्रेमपासून नवा शॉट सुरू होत होता, म्हणून हा मार्ग खुला होता.

ॲनिमेशनला हात घालण्याआधी जुनी फाइल झालेल्या फ्रेमशी जुळते का, हे पाहावे लागते. त्यासाठी ७००वी फ्रेम जुन्या फाइलमधून पूर्वीच्याच सेटिंगवर पुन्हा रेंडर करायची आणि आधीच्या चित्रावर `Difference` या ब्लेंड मोडमध्ये ठेवायची. दोन्ही सारखी असतील तर पडदा पूर्ण काळा दिसतो. इथे उजवीकडच्या भिंतीवर करडा पट्टा उमटला, कारण गेल्या तीन दिवसांत खिडकीजवळचा दिवा मंद केला होता. त्याची तीव्रता थोडी थोडी कमी करत पट्टा नाहीसा झाला. ही पायरी गाळली असती तर चूक पहाटे, सगळा रेंडर संपल्यावर कळली असती.

मग मंजूर झालेला कच्चा व्हिडिओ कॅमेऱ्याची पार्श्वभूमी म्हणून लावला आणि त्याच्यावरून पात्राच्या मुख्य मुद्रा बसवत नेल्या. पोझ, वेळ, कॅमेऱ्याची हालचाल हे सगळे समोर असल्याने विचार करावा लागत नाही, फक्त हात चालवावा लागतो. ज्या शॉटला पहिल्यांदा आठवडा गेला, तो असा काही तासांत उभा राहू शकतो. बोटांच्या बारीक हालचाली आणि कपड्यांची सळसळ मात्र सोडून द्यावी लागते.

‘टॉय स्टोरी २’ बनत असताना, १९९८ साली, पिक्सारमध्ये याहून कितीतरी मोठे नुकसान झाले होते. कुणीतरी चुकीच्या जागी `rm -rf` ही पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता, हे गरज पडल्यावर समजले. गॅलिन सस्मन या तांत्रिक पर्यवेक्षक बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरची प्रत कामी आली.

एकट्या ॲनिमेटरला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. ब्लेंडरच्या `Preferences` मधल्या `Save & Load` भागात `Save Versions` चा आकडा १ वरून १० केला की `.blend1` पासून `.blend10` पर्यंत दहा प्रती राहतात. १८० एमबीच्या फाइलसाठी त्याला पावणेदोन ते दोन जीबी जागा लागते. पाच-सहा वेळा सेव्ह केल्यानंतरही चांगली प्रत त्यांच्यात शिल्लक राहिली असती. मात्र या सगळ्या प्रती एकाच फोल्डरमध्ये असतात. डिस्कच गेली तर त्याही जातात. म्हणून रोजची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकणे आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहणे हे वेगळे काम उरतेच.