शेतातला व्हॉइस नोट परदेशी ग्राहकाला ईमेलनं पाठवताना ‘परवा’ म्हणजे नेमकं कधी, ते आधी विचारा!

निफाड : द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की बागायतदार बांधावरून व्हॉइस नोट टाकतो आणि घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी त्याचा इंग्रजी ईमेल करून नेदरलँडच्या खरेदीदाराला पाठवते. गडबड इंग्रजीत कमी होते, मराठी समजून घेण्यातच जास्त होते.

समजा, व्हॉइस नोट असा आहे : “साहेब, परवा पाऊस झाला ना, म्हणून जरा मागंपुढं झालंय. माल एक नंबर आहे, टेन्शन घेऊ नका. साधारण परवापर्यंत गाडी भरून टाकू. रेटचं बघा जरा.”

यात ‘परवा’ दोनदा आलाय. पहिला होऊन गेलेला, दुसरा येणारा. आपल्याला बोलण्यावरून कळतं, पण भाषांतरात सहज उलटं होतं. म्हणून फोन करून दोन्ही तारखा विचारून घ्या. ईमेलमध्ये महिना अक्षरात लिहा. 7/2 लिहिलं तर युरोपात 7 फेब्रुवारी, पण अमेरिकेत 2 जुलै वाचतात.

‘साधारण’ हा शब्द गाळू नका. तो गेला की अंदाजाचा शब्द होतो आणि गाडी एक दिवस उशिरा भरली तरी बोल आपल्यालाच. ‘7 फेब्रुवारीला भरण्याचा अंदाज आहे, 6 तारखेला संध्याकाळी नक्की कळवतो’ असं लिहिलेलं बरं. अर्थात, हे कळवायला बागायतदार तयार आहे का, तेही विचारा. त्यानं न दिलेला शब्द आपण द्यायचा नाही.

‘माल एक नंबर’चा तिकडे काही उपयोग नाही. त्यांना मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये आणि गोडी ब्रिक्समध्ये लागते. शिवाय पिकलेल्या द्राक्षावर पाऊस म्हटलं की खरेदीदाराच्या मनात पहिला प्रश्न मणी तडकल्याचा येतो. म्हणून पावसानंतर बाग कधी तपासली, तडकलेले मणी निघाले का, हे स्वतःहून लिहा. ‘टेन्शन घेऊ नका’ मात्र काढून टाका, नाहीतर तो नेमकं टेन्शनच घेईल.

आता राहिलं ‘रेटचं बघा जरा’. आपल्याकडे ही बोलायची पद्धत. कागदावर आली की ठरलेला भाव पुन्हा उघडल्यासारखं दिसतं. वाढ खरंच हवी असेल तर किलोमागे किती आणि कशासाठी, ते वेगळ्या ईमेलमध्ये मांडा. नको असेल तर ते वाक्य सोडा, पण बागायतदाराला सांगून.

मोबाईलनं आपोआप उतरवलेल्या मजकुरावर विसंबू नका. ‘मणी’चं ‘मनी’ झालं की भाषांतरात थेट पैसे येतात! ‘साडेसोळा’, ‘पावणेदोनशे’ असे आकडे आवाज पुन्हा ऐकूनच लिहा.

आधी स्वच्छ मराठीत चार ओळी लिहून बागायतदाराला वाचून दाखवा. तो “बरोबर” म्हणाला की मगच इंग्रजी करा. पहिल्या ओळीत भरण्याची तारीख, मग पावसाचं कारण, मग मालाची स्थिती. नमस्कार-चमत्कार एका ओळीत आटपले तरी तिकडे कुणाला राग येत नाही.