प्लेटिंग बाहेर जाणार आहे, हे सांगताना

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये टर्निंग आणि ग्राइंडिंग होतं, प्लेटिंग होत नाही. अ‍ॅसिड आणि धातू मिसळलेल्या सांडपाण्यासाठी यंत्रणा बसवायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायची, हे आमच्याएवढ्या शॉपला पेलणारं नाही. त्यामुळे झिंक प्लेटिंग जॉबवर्कवर बाहेर जातं. ही गोष्ट ग्राहकाला पहिल्या कोटेशनसोबतच लेखी कळवावी, असं माझं ठाम मत आहे.

भारतीय करार कायद्याचं कलम 40 तसं सैल आहे. काम जातीनंच करायचं, असा कराराचा हेतू नसेल, तर ते दुसऱ्या सक्षम माणसाकडून करून घेता येतं. पण वाहन उद्योगातल्या अनेक पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट असते : लेखी परवानगीशिवाय काम पुढे द्यायचं नाही. दर काढण्याआधी ते पान वाचायचं.

चाकणच्या एका ग्राहकाची पिन घ्या. आधीच कठीण केलेले, 40 एचआरसीच्या आसपासचे तुकडे तेच पाठवणार होते. आम्ही ते ग्राइंड करायचे आणि 8 ते 12 मायक्रॉन झिंक चढवून द्यायचे. पत्रात मी प्लेटरचं नाव, पत्ता आणि त्याच्याकडे जाणारं नेमकं काम लिहिलं. त्याच्या हाती आमचं पूर्ण ड्रॉइंग जाणार नाही, फक्त जाडी, पॅसिव्हेशन आणि बेकिंगची मागणी जाईल, हेही लिहिलं. दोष निघाला तर जबाबदारी आमची, हे वेगळ्या ओळीत घातलं.

त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांचा फोन आला. प्लेटर कोण, यावर ते फार बोलले नाहीत. ‘‘बेकिंग झालंय हे तुम्हाला कसं कळणार?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर जागी होता. पिकलिंगमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन निघतो आणि तो थोडा पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचा फारसा त्रास नसतो. इतक्या कठीण पिनेला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तोही जोडणीत ताण आल्यावर, काही तासांनी किंवा दिवसांनी. म्हणून प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत पिना साधारण 200 अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजतात. एवढ्या उष्णतेनं पॅसिव्हेशनचा थर खराब होतो, म्हणून तो नंतर देतात. बेकिंग केलेली आणि न केलेली पिन शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मायक्रोमीटरलाही नाही.

मग पुरावा कागदावरच हवा. आम्ही ठरवलं की प्रत्येक लॉटसोबत भट्टीचा तापमान-आलेख यावा आणि टाकीतून माल निघाल्याची वेळ चलनावर लिहिलेली असावी. दोन्ही वेळांतलं अंतर चार तासांहून जास्त दिसलं तर लॉट स्वीकारायचा नाही. मी प्लेटरकडे जाऊन भट्टी पाहिली. ती त्याच्याच शेडमध्ये आहे की माल बेकिंगला आणखी तिसरीकडे जातो, हे पाहायचं होतं. प्लेटरनं काम पुढे कुणाला द्यायचं नाही, ही अट पत्रात त्यानंतर आली.

दुसरा मुद्दा मापाचा. ड्रॉइंगवर पिनेचा व्यास 11.966 ते 11.984 मिमी होता. हे माप प्लेटिंगनंतरचं, असं मी साहेबांकडून लिहून घेतलं. झिंक दोन्ही बाजूंना चढतं, म्हणून व्यास 16 ते 24 मायक्रॉननं वाढतो. त्या हिशेबानं ग्राइंडिंग 11.950 ते 11.960 मध्येच ठेवावं लागतं. आम्हाला मिळणारी 18 मायक्रॉनची जागा 10 वर येते, ग्राइंडिंग हळू होतं आणि दर वाढतो. संमती मागण्याआधीच दर देऊन बसलो असतो, तर हा खर्च दाखवायला जागाच राहिली नसती.

ग्राहकानं थोड्या नगांची पहिली खेप तपासली. तिच्यातल्या काही पिना ठरलेल्या ताणाखाली दोन दिवस ठेवून पाहिल्या आणि मग लेखी संमती दिली. ती त्या प्लेटरपुरती, त्या पत्त्यापुरती आणि त्या प्रक्रियेपुरती आहे. प्लेटरनं शेड हलवली, टाकीतलं रसायन बदललं किंवा स्वस्त पडतो म्हणून आम्ही दुसरा प्लेटर धरला, तर नवं पत्र आणि नवे नमुने द्यावे लागतात. तोपर्यंत माल जुन्याच वाटेनं जातो. ती वाट बंद असेल, तर पिना आमच्याच रॅकवर थांबतात आणि उशीर होणार असल्याचं ग्राहकाला त्याच दिवशी कळवायचं असतं.