एका पाठपोट कागदावर बीजगणित

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले, की दहावीच्या गणिताच्या बाईंसमोर नेहमीचा पेच उभा राहतो. मुलांना उजळणीसाठी एकच पाठपोट कागद द्यायचा आहे आणि बीजगणिताची प्रकरणं आहेत सहा. त्यात काय घ्यायचं?

राज्य मंडळाच्या गणित भाग १ ची आतापर्यंत चालत आलेली गुणविभागणी पाहिली तर पहिलं उत्तर सोपं वाटतं. पेपर ४० गुणांचा असला तरी पर्यायांसह ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात. त्यात दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि सांख्यिकी यांना प्रत्येकी १२ गुण, तर अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन आणि संभाव्यता यांना प्रत्येकी ८. म्हणजे पहिल्या तिघांवर जोर द्यायचा आणि मोकळं व्हायचं! बाजारातल्या बहुतेक ‘आयएमपी’ याद्या अशाच बनतात.

पण गुणांचा तक्ता फक्त पेपरबद्दल सांगतो, समोरच्या वर्गाबद्दल नाही. रेषीय समीकरणात क्रेमरची पद्धत मुलं डोळे झाकून करत असतील, तर १२ गुणांचं ते प्रकरण कागदावर चार ओळींत आटोपतं. उलट ८ गुणांचं अर्थनियोजन पाहा. जीएसटीच्या उदाहरणात विक्रीवर गोळा केलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा करायचा आणि उरलेल्याचे केंद्र व राज्य असे दोन समान भाग करायचे, एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या तासाच्या सरावात कच्चं मूलही ते सोडवू लागतं. म्हणून बाई प्रत्येक घटकाला तीन गोष्टी विचारतात. पेपरात याला किती गुण आहेत? माझी मुलं इथे किती गुण घालवतात? आणि उरलेल्या दिवसांत त्यातले किती परत मिळवता येतील? माझ्या मते कागदावरची जागा ठरवावी ती तिसऱ्या प्रश्नाने.

दुसऱ्याचं उत्तर तपासलेल्या पेपरांत असतं, मात्र ते गुणांच्या बेरजेत दिसत नाही. त्यासाठी चुका वाचाव्या लागतात. सांख्यिकीतला मध्यक घ्या. ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४० या वर्गांच्या वारंवारता अनुक्रमे ४, ८, १२, ६ आहेत. एकूण ३०, निम्मे १५. संचित वारंवारता ४, १२, २४, ३० अशी चढते, म्हणून मध्यक वर्ग २०-३०. सूत्र असं:

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
      = 20 + ((15 − 12) / 12) × 10
      = 22.5
```

सूत्र बहुतेकांना पाठ असतं. घोटाळा होतो तो cf मध्ये. आधीच्या वर्गाची संचित वारंवारता १२ घ्यायची, तर मुलं मध्यक वर्गाचीच २४ घेतात. मग उत्तर येतं १२.५, आणि ते तर २०-३० च्या बाहेरच पडतं! अशा वेळी कागदावर नुसतं सूत्र पुन्हा छापून काय उपयोग? त्याच्या शेजारी एक ओळ हवी: ‘cf आधीच्या वर्गाची, उत्तर मध्यक वर्गातच आलं पाहिजे.’ परीक्षेत चूक झालीच, तर मुलाला ती स्वतःला पकडता येईल.

काही घटक मात्र दहावीच्या अनुक्रमणिकेत सापडतच नाहीत. वर्गसमीकरणात अडखळणारं मूल पुष्कळदा अवयव पाडण्यातच अडकलेलं असतं, आणि तो तर खालच्या इयत्तांतला भाग. x² + x − 20 मध्ये गुणाकार −20 आणि बेरीज +1 देणाऱ्या संख्या 5 आणि −4, हे सुचलं नाही तर पुढचं सगळं थांबतं. त्यामुळे वर्गसमीकरणाच्या रकान्यात पहिली जागा अवयवांना, मग सूत्रपद्धतीला. पूर्ण वर्ग पद्धतीचं एकच सोडवलेलं उदाहरण.

मग गाळायचं काय? एखादं प्रकरण आख्खं ऑप्शनला टाकता येत नाही. पहिला प्रश्न ८ गुणांचा असतो, त्याला पर्याय नसतो आणि त्यात कुठल्याही प्रकरणातलं काही येऊ शकतं. म्हणून संभाव्यतेची तोंडओळख तरी ठेवावीच लागते: दोन फासे टाकले तर नमुना अवकाशात ३६ घटक, आणि संभाव्यता कधीही १ पेक्षा जास्त नाही. गाळायची ती लांबलचक शाब्दिक उदाहरणं. वेग-वेळ-अंतराचं चार गुणांचं गणित कागदाचा पाव भाग खातं, आणि कच्च्या मुलाने तेवढ्याच वेळात दोन गुणांची दोन गणितं पक्की केलेली बरी.

वर्गातल्या हुशार मुलांना हा कागद अपुरा पडतो. त्यांच्यासाठी तीन गुणांच्या शेवटच्या प्रश्नाची, पुस्तकाबाहेरून बेतलेली दोन-चार गणितं बाई वेगळ्या चिठ्ठीवर देतात.