अठरावर थांबू नये तेव्हा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर ब्लॅकजॅकच्या टेबलाशी घटकाभर उभं राहिलं, की एक दृश्य हमखास दिसतं. खेळणाऱ्याच्या हातात एक्का आणि सत्ती. डीलरचं उघडं पान नव्वी. खेळणारा हिशेब करतो, एक्क्याचे अकरा आणि सात, झाले अठरा. एकवीसच्या इतक्या जवळ आलोय, तर कशाला हात घालायचा? तो पंजा आडवा हलवतो, म्हणजे आता पान नको. आणि इथेच तो चुकतो.

अठरा हा आकडा चांगला वाटतो, एवढंच. डीलरला सतरा होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात आणि सतरा झाले की थांबावं लागतं. त्याला मनाने काही ठरवता येत नाही, त्यामुळे त्याचं पुढे काय होणार याचं गणित मांडता येतं. नव्वी उघडी असलेला डीलर शंभरपैकी साधारण पस्तीस वेळा एकोणीसवर पोचतो. कारण सरळ आहे: दश्शी, गुलाम, राणी, राजा या चौघांचे दहाच धरतात, म्हणजे तेरातली चार पानं दहाची. वीस किंवा एकवीस त्याला आणखी अठरा वेळा मिळतात. तो एकवीसच्या वर जाऊन फुटतो फक्त तेवीस वेळा. सगळं जमेस धरलं तर अठरावर थांबणारा शंभरात पस्तीस डाव जिंकतो, बारा बरोबरीत सुटतात आणि त्रेपन्न हरतो. हजार रुपयांच्या डावामागे सरासरी एकशे ऐंशी रुपये गेले.

पान घेतलं तर? हात ‘सॉफ्ट’ आहे, म्हणजे एक्का अकराचा धरलेला आहे आणि गरज पडली तर तो एकाचा होतो. त्यामुळे एका पानाने हा हात फुटूच शकत नाही. एक्का, दुर्री, तिर्री आली तर हात सुधारतो. दहाचं पान आलं तर अठराच राहतात. बाकीच्या पानांनी तो बिघडतो, पण चव्वीपासून अठ्ठीपर्यंत काही आलं तर पुन्हा पान घेता येतं. या वाटेने तोटा हजारामागे शंभरच्या आसपास राहतो. हात तोट्याचाच आहे, पण जवळजवळ निम्मा तोटा वाचला.

आता तोच एक्का-सत्तीचा हात, फक्त डीलरपुढे छक्की ठेवा. छक्कीवाला डीलर शंभरात बेचाळीस वेळा फुटतो. अठरावर नुसतं थांबलं तरी हजारामागे सुमारे दोनशे ऐंशी रुपये फायदा आहे. पण कोष्टक इथे थांबायला सांगत नाही, ‘डबल डाउन’ सांगतं: डावाची रक्कम दुप्पट करा, एकच पान घ्या, मग बसा.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वेडेपणा वाटला होता, कारण त्या एका पानाने हात सरासरीत बिघडतोच. एक पान घेऊन थांबणाऱ्याला हजारामागे फक्त एकशे नव्वदच्या आसपास मिळतात, थांबणाऱ्यापेक्षा बरेच कमी. मात्र डबल करणाऱ्याचे टेबलावर दोन हजार असतात. दोनदा एकशे नव्वद म्हणजे तीनशे ऐंशी, आणि दोनशे ऐंशीपेक्षा ते शंभराने जास्त. डबल डाउनचा सगळा हिशेब एवढाच: हात सुधारला का, हे विचारायचं नाही. एका पानानंतर मिळणाऱ्या सरासरीची दुप्पट, ही बाकी कुठल्याही पर्यायापेक्षा मोठी आहे का, एवढं विचारायचं.

म्हणून सॉफ्ट हातावर डबल करणं डीलरच्या कमकुवतपणावर अवलंबून असतं. सॉफ्ट तेरा आणि चौदावर ते फक्त पंजी-छक्कीपुढे करावं, पंधरा-सोळावर चव्वी ते छक्कीपुढे, सतरा-अठरावर तिर्री ते छक्कीपुढे. उरलेल्या वेळी सॉफ्ट सतरा किंवा त्याखाली असेल तर साधं पान घ्यावं. सॉफ्ट सतरावर थांबणं ही तर मला टेबलावरची सर्वात महागडी सवय वाटते. डीलर सतराच्या खाली कधी थांबतच नाही, मग सतरा जिंकणार केव्हा? तो फुटला तरच. एक्का नसलेल्या अकराची गोष्ट वेगळी. तिथे तेरातली चार पानं थेट एकवीस करतात, ताकद आपल्याच हातात असते, म्हणून डीलरच्या दुर्रीपासून दहापर्यंत सगळ्यांपुढे डबल करतात. दहावर नव्वीपर्यंत, नऊवर तिर्री ते छक्कीपुढे.

जोड्यांचा विचारही याच तराजूत होतो. दोन अठ्ठ्या म्हणजे सोळा, ब्लॅकजॅकमधला सर्वात वाईट हात. डीलरचं पान दहाचं असेल आणि त्याच्याकडे ब्लॅकजॅक नाही हे त्याने पाहून घेतलं असेल, तर थांबा किंवा पान घ्या, हजारामागे जवळपास पाचशे चाळीस जातात. जोडी फोडून आणखी हजार लावले तर आठपासून सुरू होणारे दोन हात मिळतात. दोन्ही तोट्याचेच, पण प्रत्येकी सुमारे दोनशे चाळीसच्या, मिळून चारशे ऐंशी. हरणाऱ्या डावात आणखी पैसे घालायला मन धजत नाही, आणि टेबलावर नेमकी हीच जोडी लोक फोडत नाहीत.

नव्व्यांची जोडी मजेशीर आहे. तिचे अठरा होतात, आणि अठरा नव्वीपुढे हरतात हे वर पाहिलंच, म्हणून नव्वीपुढे ती फोडतात. पण सत्तीपुढे फोडत नाहीत, कारण सत्तीवाल्या डीलरचे बाकी कुठल्याही बेरजेपेक्षा जास्त वेळा सतराच होतात आणि अठरा त्यांना पुरतात. एक्क्यांची जोडी नेहमी फोडावी. दहाच्या पानांची कधीच नाही, वीस मोडून दोन मध्यम हात कशाला करायचे? पंजींची जोडीही फोडू नये, ती दहा समजून डबल करावी.

हे कोष्टक जुगाऱ्यांच्या अनुभवातून आलेलं नाही. अमेरिकेत मेरीलँडमधल्या अॅबर्डीन इथल्या लष्करी केंद्रात रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून ते काढलं आणि १९५६ साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापलं. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी संगणकावर हिशेब आणखी काटेकोर केला आणि पानं मोजण्याची युक्ती जोडून १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ लिहिलं.

मात्र टेबलाचे नियम आधी वाचायला हवेत. वरचं सगळं अनेक कॅटच्या खेळासाठी आणि डीलर सॉफ्ट सतरावर थांबतो असं धरून आहे. तो तिथे पान घेत असेल तर सॉफ्ट एकोणीसवर छक्कीपुढे आणि अकरावर एक्क्यापुढेही डबल करावं लागतं. युरोपीय पद्धतीत डीलर आपलं दुसरं पान शेवटी घेतो. तिथे त्याला ब्लॅकजॅक निघाला तर वाढवलेले पैसेही जातात, म्हणून दहा किंवा एक्क्यापुढे अठ्ठ्या फोडत नाहीत आणि अकरावर डबल करत नाहीत. चांगल्या नियमांत, कोष्टक अक्षरशः पाळूनही, क्लबचं पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने जड राहतं. आणि ब्लॅकजॅकला तीनास दोनऐवजी सहास पाच देणाऱ्या टेबलावर ते आणखी सुमारे एक पूर्णांक चार टक्क्यांनी जड होतं. सॉफ्ट हातांवर आणि जोड्यांवर वाचवलेलं सगळं त्या एका नियमात परत जातं.