नव्या वेतन संहितेत कारखान्याच्या पगारपत्रकाचे काय बदलते

केंद्र सरकारच्या अधिसूचनेने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरचे २९ जुने केंद्रीय कायदे या चार संहितांत सामावले गेले आहेत. लहान कारखान्याच्या रोजच्या व्यवहाराला त्यातली वेतन संहिता, २०१९ सर्वांत आधी भिडते, कारण पगार किती धरायचा, कधी द्यायचा आणि त्यातून काय कापायचे हे आता तिच्यावरून ठरते. खासगी कारखान्यांसाठी तपशिलाचे नियम राज्य सरकारने करायचे असतात. ते होईपर्यंत जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात.

पूर्वीचा वेतन प्रदान कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच लागू होता. नव्या संहितेत ही मर्यादा नाही. मशीनवरचा कामगार, हेल्पर, सुपरवायझर आणि व्यवस्थापक हे सगळे तिच्या दृष्टीने कर्मचारी आहेत. त्यामुळे सुपरवायझरला हे नियम हाताखालच्या माणसांसाठी पाळायचे आहेतच, शिवाय ते त्याच्या स्वतःच्या पगारालाही लागू आहेत.

सर्वांत मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता हे वेतनात येतात. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने द्यावा लागणारा बोनस, मालकाचा पीएफचा हिस्सा अशा काही ठरावीक रकमा वेतनातून वगळल्या आहेत. पण या वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. मूळ पगार कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत विभागायची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. या तरतुदीमुळे तिचा उपयोग संपला आहे.

एका कामगाराचा हिशेब असा समजू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, घरभाडे भत्ता १०,०००, प्रवास भत्ता ७,२०० आणि मालकाचा पीएफचा हिस्सा १,८०० रुपये आहे. एकूण मोबदला ३४,००० होतो आणि त्याचा निम्मा भाग १७,०००. वगळलेल्या तीन रकमांची बेरीज १९,००० येते, म्हणजे निम्म्यापेक्षा २,००० जास्त. हे २,००० मूळ १५,००० मध्ये मिळवले की कायद्याच्या दृष्टीने वेतन १७,००० रुपये ठरते.

या बदलाने कामगाराच्या हाती येणारा पगार आपोआप घटत नाही. पीएफची सक्तीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंतच असते आणि या उदाहरणात ती आधीच तेवढ्या वेतनावर भरली जात होती. फरक दिसतो तो ग्रॅच्युइटीत. दर वर्षाच्या नोकरीमागे शेवटच्या वेतनाचे १५ दिवस धरायचे आणि महिन्याचे दिवस २६ मानायचे, हे सूत्र तसेच राहिले आहे. दहा वर्षांची नोकरी झालेल्या या कामगाराची ग्रॅच्युइटी १५,००० वर ८६,५३८ रुपये झाली असती. १७,००० वर ती ९८,०७७ रुपये होते. ११,५३९ रुपयांचा हा फरक एका माणसाचा आहे, म्हणून मालकाने जुन्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद नव्याने मांडणे गरजेचे आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता पाच नव्हे, एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हेही त्या तरतुदीत धरावे लागेल. तसेच ईएसआयसाठी २१,००० रुपयांची मर्यादा आहे. पूर्वी भत्त्यांसह पगार त्यावर गेल्याने बाहेर राहिलेले कामगार नव्या व्याख्येने आत येतात का, हे पगार सल्लागाराकडून तपासून घ्यावे.

पगाराच्या तारखेबाबत नियम सोपा आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी संपल्यावरच्या हिशेबाची मुदत मात्र फार आखूड झाली आहे. कामगाराने राजीनामा दिला, त्याला काढले किंवा कपातीत त्याची नोकरी गेली, तर त्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असते. एखाद्याचा शेवटचा दिवस शनिवार असेल आणि रविवारी सुट्टी असेल, तर मंगळवारपर्यंत रक्कम त्याच्या हाती पडली पाहिजे. पुढच्या पगारासोबत देऊ, हे चालणार नाही. म्हणून माणूस जाणार हे कळताच सुपरवायझरने त्याची हजेरी, ओव्हरटाइमचे तास आणि परत घेतलेल्या हत्यारांची नोंद शेवटच्या दिवशीच कार्यालयात द्यायला हवी. ग्रॅच्युइटी या दोन दिवसांत येत नाही. तिला ३० दिवसांची मुदत आहे.

सर्वाधिक चुका कपातीत होतात. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. आठ तासांच्या पाळीला एक तास उशिरा आलेल्या कामगाराचा एका तासाचा पगार कापता येतो. अर्धा दिवस कापला, तर ती कपात बेकायदा ठरते. दंड वेगळा. तो ठरवून जाहीर केलेल्या चुकांसाठीच करता येतो, त्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि त्या पगारकाळातील दंड वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. दंड हप्त्यांनी किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. जमा झालेली रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, ती कामगारांच्याच हितासाठी वापरायची असते. वस्तू मोडली किंवा हरवली, तर ती त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली होती आणि नुकसान त्याच्याच निष्काळजीपणाने झाले, हे दोन्ही दाखवावे लागते. एखाद्या बॅचमधले तुकडे रिजेक्ट झाले म्हणून पाळीतल्या सगळ्यांकडून रक्कम वळती करणे या चौकटीत बसत नाही. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत.

ओव्हरटाइम व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कामगाराच्या संमतीनेच घेता येतो आणि त्याचा दर दुप्पट असतो. ज्यादा थांबण्याची संमती त्याच वेळी वहीत घेतली आणि सुरू-बंद झाल्याची वेळ लिहिली, तर पुढे वाद झाल्यावर मालकाजवळ पुरावा राहतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण वेतन दिले नाही किंवा कमी दिले अशी तक्रार आली, तर ते पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कामगाराला दाव्यासाठी तीन वर्षे मिळतात, पूर्वी वेतन प्रदान कायद्यात एक वर्ष होते.

कमी वेतन दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदी न ठेवल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक पगारपत्रक नव्या व्याख्येने पुन्हा मोजणे, त्यानंतर पगारचिठ्ठीत प्रत्येक भत्ता आणि कपात वेगळी दाखवणे आणि शेवटी उशिराची, दंडाची व नुकसानभरपाईची चालू पद्धत वरच्या अटींशी पडताळून पाहणे.