बेरीज चुकली, की तपासणी?

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसबाहेर एकच वाक्य ऐकू येतं : ‘पेपर रिचेकिंगला टाकायचाय.’ खिडकीतल्या क्लार्कला त्यावर विचारावंच लागतं, की नक्की काय हवंय? कारण राज्य मंडळाकडे ‘रिचेकिंग’ नावाचा अर्ज नाही. तिथे गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आहे आणि पुनर्मूल्यांकन आहे. तिन्हींचं शुल्क वेगळं आणि काम त्याहून वेगळं. चुकीचा अर्ज भरला, तर ज्यासाठी धडपड केली ती गोष्ट कुणी पाहतसुद्धा नाही.

गुणपडताळणीत मंडळाचा माणूस ठरावीक गोष्टीच बघतो. सगळी उत्तरं तपासली गेली आहेत का, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांची बेरीज बरोबर आहे का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का आणि विद्यार्थ्याने सांगितलेल्या पुरवण्या जागेवर आहेत का. उत्तराला दोन गुण द्यायला हवे होते की चार, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. तो त्याच्या कामाचा भागच नाही.

एक पेपर कल्पनेने उघडून पाहू. बारावीचा भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा. बहुपर्यायी प्रश्नांना १०, अगदी छोट्या उत्तरांना ८. मग दोन-दोन गुणांचे कोणतेही आठ, तीन-तीन गुणांचे कोणतेही आठ आणि शेवटी चार-चार गुणांचे कोणतेही तीन. एका मुलीच्या मुखपृष्ठावर या क्रमाने ८, ५, ११, १४ आणि ६ असे आकडे आहेत, एकूण ४४. आतल्या पानांवर तीन गुणांच्या आठ उत्तरांना ३, २, २, १, ३, २, २, २ मिळालेत. म्हणजे १७, पण बाहेर आले १४. तीन गुण बेरजेत गेले.

पुढे चार गुणांची तीन उत्तरं. एकाला ४, दुसऱ्याला २, आणि तिसरं पुरवणीत लिहिलेलं. त्यावर लाल पेनाची खूणच नाही, कारण परीक्षकाने पुरवणीचं ते पान उलटलंच नाही. हेही गुणपडताळणीतच सापडायला हवं. न तपासलेलं उत्तर तपासावं लागतं. समजा त्याला ३ मिळाले, तर लेखी गुण ४४ वरून ५० होतात.

आता ते दोन गुणांवर थांबलेलं उत्तर. मुलगी म्हणते, सूत्राची सिद्धता मी पूर्ण लिहिलीय, आकृती काढलीय, दोनच का? तक्रार रास्त असू शकते. पण इथे बेरीज चुकलेली नाही, पान सुटलेलं नाही. परीक्षकाने उत्तर वाचलं आणि त्याच्या मते ते दोन गुणांचं ठरलं. त्या मताला आव्हान द्यायचं असेल तर पुनर्मूल्यांकन. तिने फक्त गुणपडताळणीचा अर्ज केला असता, तर ते उत्तर दोनवरच राहिलं असतं.

गेल्या काही वर्षांत शुल्क असं आहे : गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४००, पुनर्मूल्यांकनाला ३००. ऑनलाइन निकालानंतर गुणपडताळणी आणि छायाप्रतीच्या अर्जासाठी साधारण पंधरवडा मिळतो. तारखा दरवर्षी मंडळ जाहीर करतं. पुनर्मूल्यांकनाला मात्र थेट जाता येत नाही. आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हातात पडल्यापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत आपल्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. पाच दिवस पटकन संपतात. पहिले दोन दिवस घरात हळहळण्यात जातात, तिसऱ्या दिवशी विषयाचे सर गावाला गेलेले असतात.

माझं मत विचाराल तर पन्नास रुपयांवर थांबू नका, छायाप्रत मागवा. बेरीज तुम्हालाही येते. पडताळणीचं उत्तर ‘गुणात बदल नाही’ एवढंच आलं, तर आत काय घडलं ते कळत नाही. छायाप्रतीत दिसतं. पान क्रमाने उलटा, प्रत्येक उत्तरावर खूण आहे का पाहा, गुण एका कागदावर उतरवा आणि मग मुखपृष्ठाशी ताडून बघा. एक गोष्ट ध्यानात ठेवा : ‘कोणतेही आठ’ असताना नऊ सोडवले असतील, तर बेरजेत आठच उत्तरं धरली जातात. घरी बेरीज जास्त येते, ती पुष्कळदा यामुळेच. त्यानंतर विषयशिक्षकांना दाखवा आणि आदर्श उत्तराशी तुलना करून कोणत्या टप्प्याला गुण सुटले ते स्पष्ट विचारा. ‘मला जास्त वाटत होते’ याला तिथे काही अर्थ नसतो.

विद्यार्थ्याला स्वतःचा तपासलेला पेपर बघता येणं ही जुनी सोय नव्हे. १९८४ मध्ये याच मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकन नाकारणारा आणि उत्तरपत्रिका न दाखवणारा नियम वैध ठरवला होता. चित्र बदललं ते माहिती अधिकार कायद्यानंतर. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, एका प्रकरणात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. आणखी एक : गुण खालीही येऊ शकतात. सीबीएसई तर तसं लेखी बजावते, एका गुणाची घटसुद्धा अमलात येते.

आता वरच्या मुलीचे प्रात्यक्षिकाचे गुण. ३० पैकी २६ मिळालेत, पण गुणपत्रिकेवर १६ छापलेत. इथे बघायला उत्तरपत्रिकाच नसते, त्यामुळे वरचे अर्ज कामाचे नाहीत. हा लेखनप्रमाद आहे, आणि तो सिद्ध होतो मूळ नोंदीवरून. कॉलेजच्या गुणतक्त्यात २६ असतील, तर प्राचार्यांनी त्या कागदासह मंडळाला लिहायचं. तक्त्यातच १६ असतील, तर मंडळाच्या लेखी चूकच झालेली नाही.

नाव, आईचं नाव, जन्मतारीख यांनाही हीच कसोटी. मूळ नोंद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. रजिस्टरमध्ये बरोबर आणि गुणपत्रिकेवर स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो आणि दुरुस्ती होते. रजिस्टरमध्येच चूक असेल, तर आधी रजिस्टर सुधारावं लागतं, आणि शाळा सोडल्यानंतर ते अवघड होतं. तेव्हा ती उघड लेखनातली चूक आहे हे जन्मदाखल्यासारख्या जुन्या कागदांनी दाखवावं लागतं. पुढे राजपत्रात जाहीर करून नवं नाव घेतलं, तर तो बदल झाला. परीक्षेच्या वेळचं नाव चुकीचं होतं असं त्याने ठरत नाही.

खरं तर हे सगळं थांबवण्याची जागा परीक्षेआधीच येते. मंडळ शाळेला विद्यार्थ्यांची प्रीलिस्ट देतं, नाव, जन्मतारीख, विषय तपासण्यासाठी. वर्गात ती यादी फिरते आणि मुलं घाईत सही करून पुढे ढकलतात. पालकांनी त्या आठवड्यात शाळेत जाऊन ती ओळ स्वतः वाचावी, आणि हॉल तिकीट हाती आल्यावर पुन्हा एकदा वाचावी.