बद्धकोष्ठता व अतिसारातील फळाहार

बद्धकोष्ठता (मलावरोध) आणि अतिसार (जुलाब) या दोन परस्परविरुद्ध तक्रारींवर भारतात अनेकदा एकच फळ सुचवले जाते, ते म्हणजे केळे. पिकलेल्या केळ्याने पोट साफ होते असे काही घरांत मानतात, तर त्यानेच शौचास घट्ट होते असे इतर घरांत सांगतात. सफरचंदाबाबतही अशाच दोन्ही समजुती आढळतात. या विसंगतीचे कारण असे की, फळाचा परिणाम त्याच्या नावावर अवलंबून नसतो. फळ किती पिकले आहे, सालीसह खाल्ले की रस काढून प्यायले, आणि त्यातील कोणता भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो, यावर तो ठरतो.

कच्चे आणि पिकलेले केळे

हिरव्या, कच्च्या केळ्याच्या गरातील पाण्याचा अंश वगळल्यास उरलेल्या भागात बहुतांश पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. त्यातील बरेचसे पिष्ट लहान आतड्यातील पाचकरसांना दाद देत नाही, म्हणून त्यास प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. केळे पिकू लागले की विकरे या पिष्टाचे रूपांतर साखरेत करतात, आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्ट अगदी थोडे उरते. कच्च्या केळ्याचा तुरटपणा टॅनिन या द्रव्यांमुळे असतो. पिकताना तीही अशा रूपात जातात की जिभेला जाणवत नाहीत. साल घट्ट चिकटलेली असणे, कापल्यावर चीक येणे आणि जिभेला तुरट लागणे या खुणांवरून केळ्यात पिष्ट अजून भरपूर आहे हे ओळखता येते. सालीवर तपकिरी ठिपके पडलेले केळे याच्या दुसऱ्या टोकाला असते.

न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यापासून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे प्रमुख इंधन आहे. ही आम्ले शोषली जात असताना सोडियम आणि त्यामागोमाग पाणीही आतड्यातून शरीरात परत घेतले जाते. कच्चे केळे जुलाब ‘बांधते’ असे म्हटले जाते, परंतु ते आतड्याला बूच लावत नाही. वाया जाणारे पाणी परत शोषून घेण्यास ते मोठ्या आतड्याला मदत करते.

ढाक्यातील चाचणी

या घरगुती उपायाची सर्वांत काळजीपूर्वक तपासणी बांगलादेशात झाली. ढाका येथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ ते १२ महिने वयाचे, दीर्घकालीन अतिसार असलेले ६२ मुलगे होते. जुलाब १४ दिवस वा अधिक काळ टिकले, तर त्यास दीर्घकालीन अतिसार म्हणतात. सर्व बालकांना तांदळाचे पातळ अन्न दिले गेले. एका गटाच्या अन्नात दर लिटरमागे २५० ग्रॅम शिजवलेले हिरवे केळे होते, दुसऱ्या गटाच्या अन्नात पेक्टिन मिसळले होते आणि तिसऱ्यास नुसतेच तांदळाचे अन्न मिळाले. चौथ्या दिवसापर्यंत केळ्याच्या गटातील ८२ टक्के, पेक्टिनच्या गटातील ७८ टक्के आणि तिसऱ्या गटातील केवळ २३ टक्के बालके बरी झाली होती. पुढे ग्रामीण बांगलादेशात सुमारे तीन हजार बालकांवर घरच्या घरी केलेल्या चाचणीतही (२०१०) हाच कल दिसला. त्यात माता नेहमीच्या उपचाराच्या जोडीने कच्चे केळे शिजवून देत होत्या.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. या चाचण्यांतील केळे हिरवे व शिजवलेले होते, त्यामुळे त्यांचा आधार घेऊन पिकलेल्या केळ्याची शिफारस करता येत नाही. तसेच केळे हे नेहमीच्या उपचारात भर म्हणून दिले गेले होते, उपचाराऐवजी नव्हे.

‘कच्चे बांधते, पिकलेले सोडते’ हा नियमही मग सरळ लागू होत नाही. ब्राझीलमध्ये बद्धकोष्ठता असलेल्या मुलांना रेचकांच्या जोडीने शिजवलेल्या हिरव्या केळ्याचा लगदा देण्यात आला, तेव्हा (२०१९) रेचकाची मात्रा कमी करणे शक्य झाले. जिवाणूंना मिळणारे खाद्य दोन्ही विकारांत उपयोगी पडू शकते, असा त्याचा अर्थ होतो. पिकलेल्या केळ्यात मात्र १०० ग्रॅममागे सुमारे अडीच ग्रॅमच तंतू असतात. तेवढ्याने बद्धकोष्ठता होत नाही आणि मोडतही नाही. केवळ तंतूंचाच विचार केला तर पेरू अधिक उपयुक्त ठरतो, कारण त्यात १०० ग्रॅममागे सुमारे पाच ग्रॅम तंतू असतात.

सफरचंद आणि त्याचा रस

सफरचंदाच्या गरात पेक्टिन हा पाण्यात विरघळून चिकट होणारा तंतू असतो, तर सालीत न विरघळणारे तंतू अधिक असतात. म्हणून सालीसह खाल्लेले सफरचंद मलाचे आकारमान वाढवते, आणि साल काढून शिजवलेले सफरचंद जुलाबांत पोटास सोसते. रसाचे गणित वेगळे आहे. गाळलेल्या रसात तंतू जवळजवळ उरत नाहीत, परंतु फ्रुक्टोज व सॉर्बिटॉल राहतात. सफरचंदात फ्रुक्टोजचे प्रमाण ग्लुकोजच्या सुमारे दुप्पट असते आणि हे जादा फ्रुक्टोज सर्वांना पूर्णपणे शोषता येत नाही. न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढते. एरवी सुदृढ असलेल्या, पण दिवसभर रस पिणाऱ्या लहान मुलांना वारंवार पातळ शौच होण्यामागे हे एक परिचित कारण आहे आणि रस कमी करताच तक्रार थांबते. सुक्या आलुबुखाऱ्याचा बद्धकोष्ठतेवरील गुणही काही अंशी सॉर्बिटॉलमुळेच आहे. म्हणजे एका विकारात जो दोष, तोच दुसऱ्यात उपाय ठरतो.

इतर फळे व प्रचलित समजुती

लोकव्यवहारात कच्चे बेलफळ जुलाबांवर आणि पिकलेले पोट साफ होण्यासाठी वापरतात. केळ्याप्रमाणेच येथेही पिकण्यावर भर आहे, मात्र बेलफळाबाबत केळ्याइतका ठोस चाचणीचा आधार नाही. पपई सारक असल्याचे श्रेय तिच्यातील पपेन या विकराला दिले जाते. वस्तुतः पपेन मुख्यतः कच्च्या पपईच्या चिकात असते आणि फळ पिकताना ते कमी होत जाते. बद्धकोष्ठतेवर चांगला पुरावा असलेल्या फळांत हिरवा किवी आणि सुका आलुबुखारा येतात.

पाश्चात्त्य देशांत जुलाब झालेल्या मुलास केळे, भात, सफरचंदाचा लगदा व टोस्ट एवढेच देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. या आहारात प्रथिने व स्निग्ध पदार्थ फार कमी असल्याने तो एकट्याने देण्याची शिफारस आता केली जात नाही. आपल्याकडील ‘जुलाब झाले की पोटाला विश्रांती द्यावी’ ही समजूत याहून अपायकारक आहे. उपाशी राहिलेल्या बालकाचे आतडे सावरण्यास उशीर लागतो, म्हणून स्तनपान आणि नेहमीचे अन्न चालू ठेवण्यास सांगितले जाते.

केळ्यात पोटॅशियम असते, म्हणून ते जलसंजीवनीची जागा घेते हाही गैरसमज आहे. जुलाबांत पाण्याबरोबर सोडियमही मोठ्या प्रमाणात जाते आणि केळ्यात ते नगण्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार जलसंजीवनीत सोडियम व ग्लुकोज समप्रमाणात, प्रत्येकी ७५ मिलिमोल प्रतिलिटर असतात, कारण ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते. बालकांना त्याबरोबर १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. सहा महिन्यांखालील बाळास जुलाब असले तरी केळे वा अन्य फळ दिले जात नाही.

शौचातून रक्त जाणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे किंवा बालक सुस्त पडून पिण्यास नकार देणे ही वैद्यकीय उपचार तातडीने घेण्याची लक्षणे आहेत. बद्धकोष्ठतेत नव्यानेच बदललेली शौचाची सवय, वजन घटणे किंवा रक्त दिसणे ही लक्षणे असल्यास फळांवर विसंबता येत नाही.